पापडाच्या पोस्टमध्ये ‘कमीत कमी किती’ हे कसं ठरवायचं आणि कसं लिहायचं

प्रश्न: आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातल्या दहा जणी उडदाचे पापड करतो. व्हॉट्सअॅपवर आणि फेसबुकवर पोस्ट टाकतो. आधी किती घ्यावे लागतील ते लिहिलं नव्हतं, तर लोक एकेक पाकीट मागायचे आणि पाठवण्यातच पैसे जायचे. मग ‘कमीत कमी 5 किलो’ लिहिलं, तर विचारणंच बंद झालं. गटाची कहाणी पण टाकली होती. लाइक खूप आले, ऑर्डर दोनच. पोस्ट कशी लिहावी?

उत्तर:

ताई, नमस्कार. मी अमरावती जिल्ह्यातली. आमच्या गटाची नऊ वर्षं सचिव होते, आणि आता आजूबाजूच्या गटांना विक्रीच्या कामात मदत करते. तुमचे 5 किलो कुठून आले असतील याचा मला अंदाज आहे, कारण आमचेही तिथूनच आले होते. कुणीतरी म्हटलं, ‘एवढ्याशासाठी तालुक्याला कोण जाईल?’ आणि सगळ्यांनी मान डोलावली. तो आकडा चूक नव्हता, पण तो एका पार्सलसाठी एक खेप मारण्याचा आकडा होता. म्हणून आधी वही काढा आणि माझ्याबरोबर हिशेब मांडा. मी आमच्या एका घाण्याचे आकडे देते, तुमच्याकडचे भाव तुम्ही घाला.

आमचा घाणा 5 किलो पिठाचा. उडदाचं पीठ 140 रुपये किलोप्रमाणे 700 रुपये. मीठ, पापडखार, मिरे, जिरे, हिंग, तेल मिळून 200. पाकिटं आणि लेबल 100. सहा जणींची अर्ध्या दिवसाची मजुरी 150 प्रमाणे 900. एकूण 1900. वाळल्यावर वजन साडेपाच किलोच्या आसपास भरतं, पण फुटके आणि काठाला चिरलेले काढले की विकण्याजोगे 5 किलो धरायचे. म्हणजे किलोला 380 रुपये खर्च. आम्ही 440 ने विकतो. मजुरी आधीच धरलेली आहे, त्यामुळे हे 60 रुपये गटाचे. मजुरी न धरता हिशेब करणारे गट मी पुष्कळ पाहिले. त्यांना किलोमागे दोनशेच्या वर रुपये सुटल्यासारखे वाटतात आणि वर्षअखेरीस खात्यात काहीच नसतं.

आता पार्सल. खोका, कागद, टेप मिळून 30 रुपये. तालुक्याला जायचं-यायचं भाडं आमच्याकडे 60 रुपये. एसटी मिळाली तर बायांना अर्धं तिकीट, पण पेट्या घेऊन एसटी दरवेळी साधत नाही. जाणारीचा अर्धा दिवस 150. म्हणजे एका खेपेचा खर्च 210. खेपेला एकच पार्सल असेल तर त्या पार्सलवर 210 आणि 30 मिळून 240 रुपये बसतात. किलोमागे 60 सुटत असतील तर 4 किलो विकल्यावर गट शून्यावर येतो, पाचव्या किलोला कुठे पैसा दिसतो. तुमच्या 5 किलोंचा उगम हाच.

तीच खेप सात पार्सलांची केली तर 210 सात ठिकाणी वाटले जातात. प्रत्येकावर 30 रुपये. खोक्याचे 30 धरून पार्सलमागे 60. मग एका किलोत बरोबरी होते आणि 2 किलोत 60 रुपये हातात राहतात. म्हणून आमची किमान ऑर्डर 2 किलो आहे आणि पार्सलचा वार ठरलेला आहे. रविवार रात्रीपर्यंत ऑर्डर आणि पैसे, बुधवारी सगळी पार्सलं एकदम तालुक्याला. लोकांना दोन-चार दिवस थांबायला सांगितलं तर ते थांबतात. पुण्या-मुंबईत बसून 5 किलो पापड मात्र एका घराला नको असतात. एका किलोत 75-80 पापड होतात, म्हणजे 5 किलोचे पावणेचारशेच्या वर. चौघांच्या घरात ते वर्षभर संपायचे नाहीत.

सात पार्सलं जमत नसतील तर पंधरा दिवसांतून एकदा पाठवा, पण वार मोडू नका. एकदा कुणासाठी मधेच धावलात की सगळे तसंच मागतात, आणि हिशेब पुन्हा 240 वर जातो.

कुरिअरच्या बाबतीत एक गोष्ट आम्हाला पैसे घालवून कळली. कुरिअरवाले नुसतं वजन पाहत नाहीत, खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात आणि बहुतेक ठिकाणी त्याला 5000 ने भागतात. जे जास्त भरेल त्याचे पैसे. आमची 200 ग्रॅमची दहा पाकिटं आम्ही 40 × 22 × 20 च्या खोक्यात घालून पाठवायचो, भोवती कागदाचे बोळे. त्याचं उत्तर येतं साडेतीन किलो. पापड 2 किलो, पैसे साडेतीन किलोचे! मग पाच-पाच पाकिटांच्या दोन चळती घट्ट बसतील असा 37 × 19 × 17 चा खोका एका दुकानातून करून घेतला. तो 2.4 किलोच्या आसपास भरतो. शिवाय पाकिटं हलत नाहीत, म्हणून फुटतातही कमी. कुरडया याच कारणाने कुरिअरने परवडत नाहीत, वजन हलकं आणि जागा भरमसाट. ज्वारीचे धापोडे तर वाटेतच चुरा होतात. या दोन्ही वस्तू पोस्टमध्ये ‘गावातून किंवा प्रदर्शनातच मिळतील’ असं लिहून मोकळं व्हा.

यवतमाळ, अमरावतीहून पुण्याला रोज रात्री ट्रॅव्हल्स जातात, त्यांच्याकडे पेटी देता येते. ते साधारण पेटीमागे पैसे घेतात, पण तिकडे थांब्यावर कुणीतरी येऊन पेटी उतरवून घ्यावी लागते. एका घरासाठी कुणी पहाटे थांब्यावर येत नाही. चार घरांची मिळून पेटी असेल तर येतात. तुमचे 5 किलो इथे कामाला येतात: ‘ट्रॅव्हल्सने पेटी, कमीत कमी 5 किलो, एका नावावर.’

म्हणजे एकाच गटाच्या किमान ऑर्डरी चार निघतात. गावात किंवा बाजारात येऊन घेणाऱ्याला एक पाकीट. कुरिअरने 2 किलो. ट्रॅव्हल्सने 5 किलो. आणि कुणाला वेगळी चव हवी असेल, म्हणजे कमी मिठाचे किंवा लाल तिखटाचे, तर पूर्ण घाणा, 5 किलो. तुम्ही एकच आकडा लिहिलात आणि तो शेजारच्या गावातल्या बाईलाही लागू झाला. तिने वाचलं, ‘5 किलो’, आणि ती किराणा दुकानात गेली.

आता कहाणी. तुम्ही काय लिहिलं होतं ते मी पाहिलेलं नाही, पण लाइक खूप आणि ऑर्डर दोन, असं ज्या पोस्टचं होतं त्या बहुतेक एकाच वळणाच्या असतात: दुष्काळ, हलाखी, ‘या कष्टकरी भगिनींना मदतीचा हात द्या’. वाचणाऱ्याला वाईट वाटतं, तो लाइक देतो आणि पुढे जातो, कारण पापड कसे आहेत हे त्याला कळलेलंच नसतं. जो मदत म्हणून घेतो तो एकदाच घेतो. दुसऱ्यांदा मागवतो तो, ज्याला पापड आवडला.

यात एक फार नाजूक बाब आहे, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्या भागात एका बाहेरच्या माणसाने चांगल्या हेतूने एका गटाची पोस्ट लिहून दिली. त्या गटातल्या एका ताईचा नवरा कर्जापायी गेलेला. लिहून देणाऱ्याने तिचा फोटो आणि ती हकीकत पापडाच्या भावाच्या वर टाकली. पोस्ट खूप फिरली. आठवडाभरात तिच्या मुलाला वर्गातल्या पोरांनी ती मोबाइलवर दाखवली. त्यानंतर महिनाभर ती बाई लाटायला आली नाही. कुणाचंही दुःख तिला विचारल्याशिवाय पोस्टमध्ये घालू नका. ती हो म्हणाली तरी मी घालू देत नाही, कारण पोस्ट एकदा गेली की परत बोलावता येत नाही.

मग कहाणीत काय सांगायचं? तुमच्या हाताचं काम सांगा. घेणाऱ्याच्या मनात जे प्रश्न असतात त्यांची उत्तरं त्या कामातच आहेत. डाळ कुठली, पीठ कोण दळतं, सोडा घालता का, कुठे वाळवता. तुम्ही रोज करता म्हणून तुम्हाला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. पापडखार आणि मीठ पाण्यात उकळून रात्रभर निवळायला ठेवता आणि सकाळी वरचं नितळ पाणी तेवढं घेता. पीठ घट्ट भिजवून तेलाचा हात लावून मुसळाने कुटता, ते ओढलं की तार येईपर्यंत. मग लांब वळी करून दोऱ्याने लाट्या कापता, सुरीने कापलं तर लाटी दबते म्हणून. शहरात वाढलेल्या बाईने हे आजीकडे पाहिलेलं असतं. दोऱ्याने लाट्या कापतानाचा एक फोटो टाका. रांगोळीपुढे रांगेत उभं राहून काढलेल्या दहा जणींच्या फोटोपेक्षा तो जास्त काम करतो, हे मी आमच्या पोस्टवर दोन्ही टाकून पाहिलं आहे.

आणि हीच कहाणी तुमची किमान ऑर्डर समजावून सांगते. भिजवलेलं पीठ दुसऱ्या दिवसावर ठेवता येत नाही, त्याच दिवशी लाटून संपवावं लागतं. सहा जणी बसल्या तर 5 किलोचा घाणा अर्ध्या दिवसात उरकतो, त्याहून कमी पिठासाठी सहा जणींना शेतातली मजुरी सोडून बोलावता येत नाही. हे दोन वाक्यांत लिहिलं की ‘वेगळ्या चवीला 5 किलो’ हा नियम कुणाला जाचक वाटत नाही. नियम आधी आणि कारण नंतर लिहिलं तर लोक नियमावरच थांबतात. कारण आधी लिहा.

जे लिहाल ते खरं लिहा. डाळ बाजारातून आणत असाल तर ‘घरच्या उडदाचे’ लिहू नका, ‘डाळ बाजारातून निवडून आणतो, गावच्या चक्कीवर दळतो’ हेही चांगलंच वाचलं जातं. मशीनवर दाबत असाल तर ‘हाताने लाटलेले’ नको. पापडखार घालतो तर घालतो म्हणा, पाकिटावरच्या घटकांत तो लिहायचाच असतो. पोस्टमध्ये ‘कोणतंही केमिकल नाही’ आणि पाकिटावर पापडखार, हे दोन्ही वाचणारी एखादी बाई भेटतेच. ‘शुगरवाल्यांना चांगले’, ‘पचनाला उत्तम’ असलं काही लिहू नका. अन्नपदार्थाबद्दल आरोग्याचे दावे असे करता येत नाहीत, आणि इतक्या मिठाच्या वस्तूबद्दल ते करूही नयेत. अन्न नोंदणीचा 14 अंकी क्रमांक मात्र पोस्टच्या खाली जरूर टाका. अनोळखी गटाला आगाऊ पैसे पाठवणाऱ्याला तो पाहून धीर येतो.

आमच्या पोस्टचा साचा खाली देते. तुमचं गाव, वार आणि आकडे घाला.

> उडदाचे पापड. पोस्टची तारीख 4 मार्च. हे भाव 31 मार्चपर्यंत.
>
> आम्ही दहा जणी. मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे पीठ भिजवतो, मुसळाने कुटतो, दोऱ्याने लाट्या कापतो आणि दुपारपर्यंत सगळे पापड लाटून सावलीत टाकतो. डाळ बाजारातून निवडून आणतो, दळण गावच्या चक्कीवर.
>
> उडीद डाळीचं पीठ, मीठ, मिरे, जिरे, हिंग, पापडखार, तेल. एवढंच.
>
> 200 ग्रॅमचं पाकीट 88 रुपये. एका पाकिटात साधारण 15 ते 16 पापड.
>
> गावात येऊन: एक पाकीटही मिळेल.
> कुरिअरने: तालुक्याला पार्सल आठवड्यातून एकदाच नेतो, म्हणून कमीत कमी 10 पाकिटं (2 किलो). साधे आणि मिरीचे मिसळून चालतील. पुण्याला घरपोच 880 अधिक कुरिअर 160, एकूण 1040 रुपये.
> पुण्याला ट्रॅव्हल्सने: कमीत कमी 25 पाकिटं (5 किलो), एका नावावर. चार घरांनी मिळून घेतले तरी चालेल.
> वेगळी चव: पीठ त्याच दिवशी संपवावं लागतं, म्हणून पूर्ण घाणा, 5 किलो. अर्धे पैसे आधी.
>
> रविवारी रात्रीपर्यंत कळवा, बुधवारी पार्सल निघेल. पैसे गटाच्या खात्यावर.

यातल्या काही गोष्टी मुद्दाम तशा आहेत. किलोच्या आधी पाकिटं लिहिली आहेत, कारण ‘10 पाकिटं’ डोळ्यांपुढे येतात, ‘2 किलो’ येत नाहीत. ‘मिसळून चालतील’ हे दोन शब्द विसरू नका. ते नसले की लोक समजतात, प्रत्येक चवीचे 2 किलो घ्यावे लागतील. आम्ही ते लिहिण्याआधी निम्मे फोन हेच विचारायला यायचे. ‘कुरिअर वेगळं’ एवढंच लिहिलं तर माणूस मनात मोठा आकडा धरतो. एका शहराचा पूर्ण हिशेब मांडून दाखवा, आणि 160 चा आकडा त्या आठवड्यात कुरिअरवाल्याला विचारूनच घाला.

तारीख फोटोवरही टाका. पोस्ट पुढे पाठवताना मजकूर गळतो आणि फोटो फिरत राहतो. आमचा एक फोटो दोन वर्षांनी परत आला, त्यावर 360 चा भाव होता, आणि त्या बाईने तोच धरून ठेवला. फोन नंबरही गटाचा एकच द्या, कुठल्या एका सूनबाईचा घरचा नको. रात्री अकराला फोन येतात आणि घरात कटकट होते.

आगाऊ पैशांबद्दल ऐका. एप्रिलमध्ये लग्नासाठी म्हणून एका घरून 30 किलोची तोंडी ऑर्डर आली, लाल तिखटाचे. आम्ही विश्वासाने सहा घाणे लावले. न्यायच्या दिवशी फोन बंद. साध्या पापडाचं गिऱ्हाईक लाल तिखटाचे घेत नाही, ते संपवायला आम्हाला दिवाळी उजाडली आणि शेवटचे तर मजुरीही न सुटता गेले. त्यानंतर ‘अर्धे पैसे आधी’ ही ओळ पोस्टमधून कधी काढली नाही. नात्यातल्यांनाही ती लागू आहे.

कुणी लिहिलं की ‘आम्ही दोघंच आहोत, पाचच पाकिटं द्या’, तर नाही म्हणून सोडून देऊ नका. वहीत त्यांचं नाव, शहर आणि किती हवे ते लिहा. आमच्या वहीत एका महिन्यात नागपूरची नऊ नावं जमली, सगळी पाच-पाच पाकिटांची. त्यातल्या एकीला विचारलं, ‘ताई, तुमच्या पत्त्यावर सगळ्यांचे पाठवू का?’ ती हो म्हणाली, तिला दोन पाकिटं आम्ही आमच्याकडून दिली. 45 पाकिटं एका खेपेत गेली. चार आठवडे वही ठेवलीत की आकडा जड आहे का हलका, ते तुम्हालाच दिसेल. विचारणारे पुष्कळ आणि सगळे किमान ऑर्डर वाचून गप्प होत असतील, तर जड. ऑर्डर भरपूर येतात पण बुधवारच्या खेपेनंतर डब्यात पैसे राहत नाहीत, तर हलका.

पहिलं पार्सल ओळखीच्या कुणालातरी पाठवा, पुण्यात भाची वगैरे असेलच, आणि तिला खोका उघडतानाच फोटो काढायला सांगा. दहा पाकिटांत पाच-सहा पापडांपेक्षा जास्त फुटले असतील तर एक तर खोका सैल आहे, नाही तर पापड उन्हात फार कडक वाळला आहे. उडदाचा पापड सावलीत वाळवून काठ ताठ झाले की उचलायचा. हातात घेऊन हलकेच वाकवला तर किंचित लवला पाहिजे. ओल्या पोळीसारखा दुमडत असेल तर पाकिटात घालू नका, दोन-तीन आठवड्यांत एकमेकांना चिकटतील आणि ठिपके धरतील.

आणि म्हणूनच ही पोस्ट मृग लागला की बदलावी लागते. पावसाळी हवेत पापड नीट वाळत नाही, त्या दिवसांत वेगळ्या चवीच्या घाण्याची ओळ काढून टाका. मेअखेरपर्यंत लाटून ठेवलेला साठा मोजा आणि पोस्टच्या पहिल्या ओळीत लिहा: ‘उन्हाळ्यात लाटलेली 140 पाकिटं शिल्लक’. दर बुधवारी खेप झाली की तो आकडा कमी करा, आणि संपले की ‘संपले, पुढचा घाणा दिवाळीआधी’ असं त्याच दिवशी टाका.